रीसेटमागचं मूळ: वर्गमूळ, घनमूळ आणि पुढे

आयडल गेम म्हणजे खेळाडू नसतानाही आपोआप कमाई करत राहणारा खेळ. त्यात आकडे का फुगतात, याचं उत्तर किमतीत आहे. 'कुकी क्लिकर' (२०१३) मध्ये आपोआप कुकीज बनवणारा पहिला कर्सर १५ कुकीजना मिळतो आणि प्रत्येक खरेदीनंतर पुढच्याची किंमत १५ टक्क्यांनी वाढते. ५० कर्सर घेतले की पुढचा सुमारे १६ हजारांना पडतो, १०० घेतले की १ कोटी ७६ लाखांना. त्याचं मूळ उत्पादन मात्र तेवढंच, सेकंदाला ०.१ कुकी. किंमत गुणाकाराने चढते आणि उत्पादन बेरजेने. दुप्पट करणारे अपग्रेड आणि महागड्या इमारती थोडा काळ ही दरी बुजवतात. पण दोन खरेद्यांमधला वेळ मिनिटांवरून तासांवर आणि तासांवरून दिवसांवर गेला, की खेळ अडला हे ओळखावं.

यावरचा उपाय म्हणजे रीसेट: जमवलेलं सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आणि बदल्यात पुढच्या फेरीला उपयोगी पडणारं बक्षीस घ्यायचं. स्वतःहून चालणारा खेळ २००२च्या 'प्रोग्रेस क्वेस्ट'मध्येच होता. 'प्रेस्टीज' हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. २००७च्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४' मध्ये ५५व्या लेव्हलला पोचल्यावर सगळं सोडून पहिलीपासून सुरुवात करता येई, आणि बदल्यात नवं बोधचिन्ह मिळे. ताकद मिळत नसे, म्हणून 'प्रतिष्ठा' हा अर्थ तिथे चपखल बसत होता. आयडल गेमनी शब्द घेतला आणि अर्थ उलटा केला: इथे रीसेटनंतर पुढची फेरी वेगाने व्हावी म्हणूनच तर रीसेट करायचा. त्यात या बक्षिसाचं नाव आणि नियम प्रत्येक खेळात वेगळे. 'ॲडव्हेंचर कॅपिटलिस्ट'मध्ये एंजल गुंतवणूकदार खर्च केले की त्यांच्यामुळे मिळणारी वाढही जाते. 'कुकी क्लिकर'च्या आताच्या रूपात हेवनली चिप्स खर्च होतात, पण प्रेस्टीज लेव्हल आणि तिची वाढ कायम राहते. दोन्हीला सरसकट 'प्रेस्टीज' म्हटल्यामुळे नवा खेळाडू एका खेळात चिप्स उगाच साठवतो आणि दुसऱ्यात एंजल उधळून बसतो.

खरा वाद आहे तो बक्षीस किती द्यायचं याचा. 'कुकी क्लिकर'मध्ये आधी n चिप्ससाठी n(n+1)/2 ट्रिलियन कुकीज लागत (ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी). म्हणजे साधारण वर्गमूळाचा हिशेब. सगळी संबंधित अपग्रेड घेतली की प्रत्येक चिपमागे उत्पादन २ टक्के वाढे. २०१६च्या मोठ्या बदलात हिशेब घनमूळावर आला आणि वाढ प्रत्येक लेव्हलमागे १ टक्क्यावर:

```
level = floor(cbrt(cookies / 1e12))
```

५,०५० ट्रिलियन कुकीज घ्या. जुन्या हिशेबाने १०० चिप्स, म्हणजे उत्पादन तिप्पट. नव्या हिशेबाने १७ लेव्हल, म्हणजे जेमतेम १७ टक्के वाढ. जुन्या हिशेबाला सरावलेल्यांना हे लुबाडल्यासारखं वाटलं तर नवल नाही. तरी मला घनमूळच बरोबर वाटतं. बक्षीस उत्पादनात परत गुणलं जातं, त्या उत्पादनातून पुढचं बक्षीस वाढतं आणि हे चक्र सौम्य मुळाने आवरत नाही. एकूण आकडा १०^३० वर गेला, की जुन्या हिशेबाने उत्पादन २ कोटी ८० लाखांहून जास्त पट होतं. घनमूळाने ते सुमारे १० हजार पटच राहतं. चिप्स मोजून देता आल्या, म्हणूनच त्या खर्चायला वेगळी अपग्रेड ठेवणं शक्य झालं.

मुळाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते कशाचं काढायचं. दोन्ही हिशेबांत आजवरच्या सगळ्या फेऱ्यांची बेरीज धरली आहे. फक्त चालू फेरी धरली तर ४ एककं जमवून एकदा रीसेट केल्यावर वर्गमूळाने २ मिळतील, आणि एकेक एककाला चारदा रीसेट केलं तर ४. मग खेळाडू सतत रीसेटच करत बसेल. फेरीवर मोजणारे खेळ म्हणूनच किमान पातळीची अट घालतात.

ब्राउझरमधला साधा अंक सुमारे १.७९ × १०^३०८ च्या पुढे जात नाही. २०१६च्या 'अँटिमॅटर डायमेन्शन्स'ने ही अडचण थेट खेळात घेतली: त्या आकड्याला पोचलं की सगळं कोसळतं आणि एक इन्फिनिटी पॉइंट मिळतो. बऱ्याच फेऱ्यांनंतर ही मर्यादा मोडता येते. त्यापुढे बक्षिसाचा मूळ हिशेब असा:

```
IP = floor(10^(log10(antimatter)/308 - 0.75))
```

इथे वर्गमूळ नाही, घनमूळही नाही. जवळपास ३०८वं मूळ आहे. आकडा १०^६१६ झाला तर १७ पॉइंट, १०^९२४ झाला तर १७७. पॉइंट दसपट व्हायला आकड्यामागे आणखी ३०८ शून्यं लागतात.