व्हॅन सुट्टीत उभी असते, मग फी कसली? आमचा हिशोब

दरवर्षी सुट्टी लागली की हाच फोन येतो, म्हणून यावेळी लिहूनच देतोय.

आधी अंतराचं. एका पालकांनी विचारलं, शेजारच्या मुलाचं घर 3 किमीवर, आमचं 6 वर, मग आमची फी डबल का नाही, चुकून कमी तर घेत नाही ना? (असं विचारणारे कमीच.) तर चूक नाहीये. सरासरी अंतरावरच्या मुलाच्या, म्हणजे इथे 3 किमीवाल्याच्या, महिन्याच्या खर्चाचे 100 भाग धरा. आमच्याकडे त्यातले साधारण 35 ड्रायव्हरच्या पगाराचे, 15 अटेंडंट ताईंचे, 20 हप्ता-इन्शुरन्स-मेंटेनन्सचे आणि 30 इंधनाचे. अंतर डबल झालं की फक्त इंधनाचे 30 चे 60 होतात, बाकीचे 70 तेवढेच राहतात कारण ड्रायव्हर काका आणि ताई सगळ्या मुलांसाठी सारखेच. म्हणून फी 200 नाही, 130.

अंतर आम्ही गाडीच्या मीटरवर मोजतो, नकाशावर सरळ रेष ओढून नाही. घर मेन रोडपासून 800 मीटर आत असेल तर आत-बाहेर 1.6 किमी होतात, सकाळी आणि दुपारी मिळून 3.2, आणि महिन्याचे 22 दिवस धरले तर एकट्या मुलासाठी 70 किमी. मूल कोपऱ्यावर येऊन थांबलं तर हे धरत नाही, पण लहान मुलांना आम्ही स्वतःच तसं सांगत नाही.

आता सुट्टी. गाडी उभी राहिली की इंधनाचे 30 वाचतात, 70 चालूच राहतात. त्या दोन महिन्यांत पगार थांबवला तर ड्रायव्हर दुसरीकडे जाणार आणि शाळा सुरू होताना नवीन माणूस, ज्याला कुठल्या गेटवर कोणतं मूल उतरतं तेही माहीत नाही. शिवाय उभी गाडीही खर्च करतेच, बॅटरी उतरते, ब्रेकला गंज धरतो, टायर एकाच जागी दबतात, म्हणून ड्रायव्हर काका दर आठवड्याला ती थोडी फिरवून आणतात.

म्हणजे वर्षाचं गणित असं: 10 चालू महिन्यांचे 1000, 2 बंद महिन्यांचे 140, एकूण 1140. हे 12 महिन्यांत वाटलं तर महिन्याला 95, दहातच घेतलं तर 114. पैसे तेवढेच. तुम्हाला जे सोयीचं असेल ते निवडा, फक्त वर्षाच्या सुरुवातीलाच सांगा, कारण 95 भरत येऊन सुट्टीत बंद केलं तर 190 भाग आमच्या अंगावर येतात, आणि हे गेल्या वर्षी झालंय.

मूल मधे चार दिवस आलं नाही तर फी कमी होत नाही, गाडी त्याच रस्त्याने जातेच. पूर्ण महिना येणार नसेल तर आधी कळवा, आम्ही इंधनाचा भाग सोडतो.