२५ केव्हीएआर, पण कोणत्या वेळी?

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ट्रॉलर किनाऱ्याला ओढले गेले की रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या आसपासच्या वर्कशॉपना उसंत नसते. शाफ्ट लेथवर चढतात, झिजलेल्या जागा वेल्डिंगने भरल्या जातात, कॉम्प्रेसर दिवसभर धडधडतो. मग जुलैचं बिल येतं आणि ते बघून वायरमन सांगतो, ‘‘शेठ, पीएफ पडलाय. कपॅसिटर लावूया.’’ पीएफ म्हणजे पॉवर फॅक्टर: लाइनमधून येणाऱ्या एकूण केव्हीएमधला प्रत्यक्ष कामाचा वाटा. सल्ला योग्यच आहे. पण किती केव्हीएआरचा लावायचा, हे फक्त बिलावरून ठरवलं तर पुढचं बिल आधीपेक्षाही वाईट येऊ शकतं.

मोटर असो की वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या लोखंडात चुंबकत्व तयार व्हावं लागतं. त्यासाठी लागणारी ऊर्जा लाइनमधून येते आणि काही मिलिसेकंदांत परत जाते. सेकंदाला शंभर वेळा ही ये-जा चालते. तिच्यातून काम काहीच होत नाही, पण तारांमधून करंट मात्र जादा वाहतो. या ये-जा करणाऱ्या भागाचं माप म्हणजे केव्हीएआर. कपॅसिटरही अशीच देवाणघेवाण करतो, फक्त उलट्या वेळेला. मोटर मागते तेव्हा तो देतो आणि मोटर परत करते तेव्हा तो घेतो. त्यामुळे हा व्यवहार वर्कशॉपच्या आतच मिटतो.

आता एक नमुन्याचं वर्कशॉप घेऊ. जुलैच्या बिलात ४,५०० युनिट आहेत आणि ‘आरकेव्हीएएच लॅग’ या रकान्यात, म्हणजे मोटर-ट्रान्सफॉर्मरच्या केव्हीएआरच्या महिनाभराच्या बेरजेत, ४,२७५. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की ०.९५ मिळतात. हा झाला व्होल्टेज आणि करंट यांच्यातल्या φ₁ कोनाचा टॅन्जंट, आणि त्यावरून पॉवर फॅक्टर निघतो सुमारे ०.७२. आपल्याला ०.९८ गाठायचा आहे. त्याच्या φ₂ कोनाचा टॅन्जंट ०.२०. सूत्र एवढंच:

kVAr = kW × (tan φ₁ − tan φ₂)

महिन्यात २५ दिवस, रोज १० तास काम धरलं तर ४,५०० युनिट म्हणजे सरासरी १८ किलोवॅट. १८ ला ०.७५ ने गुणलं की साडेतेरा केव्हीएआर. दुकानातून १५ चा कपॅसिटर आणला, मेन स्विचच्या खाली जोडला, काम झालं. बहुतेक ठिकाणी हिशेब इथेच थांबतो.

पण सरासरी १८ किलोवॅट हा आकडा वर्कशॉपमध्ये क्वचितच खरा असतो. सकाळी अकराला सगळी मशीन चालू असताना मीटर लावून पाहिलं, तर समजा ३२ किलोवॅट आणि २९ केव्हीएआर दिसले. ०.९८ साठी त्यातले साडेसहा केव्हीएआर लाइनवर राहिले तरी चालतात. म्हणजे गरज साडेबावीसची. जेवणाच्या सुट्टीत एखादा लेथ नुसताच फिरत असतो, वेल्डिंगचा सेट चालूच ठेवलेला असतो. तेव्हा ५ किलोवॅट आणि ७ केव्हीएआर दिसतात, आणि गरज उरते सहाची. रिकाम्या मोटरला काम नसलं तरी चुंबकत्व तेवढंच लागतं, म्हणून तिचा पॉवर फॅक्टर सगळ्यात वाईट असतो.

आणि रात्री? रात्री गरज शून्य. पण तो १५ चा कपॅसिटर कोणी बंद करत नाही. त्याच्यावर ४४० व्होल्टचा शिक्का आहे आणि लाइनवर ४१५ व्होल्ट आहेत. कपॅसिटरची क्षमता व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणून तो प्रत्यक्षात ८९ टक्के, म्हणजे सुमारे १३.३ केव्हीएआर देतो. काम नसलेले १४ तास, ३० रात्री: ४२० तासांत जवळपास ५,६०० आरकेव्हीएएच, आणि तेही ‘लीड’च्या, म्हणजे कपॅसिटरच्या बाजूच्या रकान्यात. लॅग आणि लीड एकमेकांतून वजा होत नाहीत. महाराष्ट्रातल्या बिलाच्या सूत्रात त्यांची बेरीज होते. लॅग बाजूला ठेवून फक्त लीड धरला, तरी ४,५०० आणि ५,६०० यांच्या वर्गांच्या बेरजेचं मूळ ७,१८४ येतं, आणि पॉवर फॅक्टर होतो ०.६३. कपॅसिटर लावण्याआधी तो ०.७२ होता!

म्हणून आकार ठरवायचा तो सगळ्यात मोठ्या गरजेवरून, आणि मग त्याचे तुकडे पाडायचे. साडेबावीस प्रत्यक्षात हवे असतील तर शिक्क्यावर २५ च्या वर हवेत. ३, ५, ७.५ आणि १० असे चार कपॅसिटर घेतले की एकूण साडेपंचवीस होतात आणि प्रत्यक्षात २२.७ मिळतात. सकाळी चारही चालू. सुट्टीत फक्त ७.५ वाला, तो ६.७ देतो. रात्री सगळे बंद. हे चालू-बंद करणारा रिले पॅनेलमध्येच मिळतो. अकराच्या भाराला लाइनवरचे ४३ केव्हीए उतरून साडेबत्तीसवर येतात आणि करंट ६० अँपिअरवरून ४५ वर. डिसेंबरमध्ये काम निम्म्यावर आलं, तरी हेच पॅनेल चालतं.

‘मग थेट १.०० का नको,’ असं कोणी विचारेल. ०.९८ वरून तिथे जायला आणखी साडेसहा केव्हीएआर लागतात आणि वाचतो जेमतेम अर्धा-पाऊण केव्हीए. शिवाय भार जरा घसरला की लीडमध्ये शिरायची भीती असते. माझ्या मते तो पैसा पॅनेलचा दरवाजा घट्ट बंद होण्यावर घालवावा.

वेल्डिंगचा सेट मात्र या रिलेला चकवतो. तो दोनच फेजवर जोडलेला असतो, आणि साध्या रिलेसाठी करंट मोजणारा सीटी एकाच फेजवर. सेट वाय आणि बी फेजवर, सीटी आरवर, असं झालं की रिलेला वेल्डिंग दिसतच नाही. एका इलेक्ट्रोडचं काम मिनिट-दीड मिनिटाचं असतं, आणि एकदा सोडलेला कपॅसिटर डिस्चार्ज होईपर्यंत रिले तो पुन्हा घेत नाही, त्यामुळे पाठलाग जमतही नाही. यावर सोपा इलाज आहे: सेटच्या इनपुटलाच, त्याच्या स्विचनंतर, छोटा कपॅसिटर कायमचा जोडायचा. सेट बंद केला की तोही बंद. वेल्डिंगचे सेट इन्व्हर्टरचे असतील तर गोष्टच वेगळी. ते करंटचा आकारच बिघडवतात, आणि वरचं सूत्र शुद्ध साइन वेव्हवर बेतलेलं आहे. असा भार जास्त असेल तर आधी हा बिघाड, म्हणजे हार्मोनिक्स, मोजून घ्यावेत. नुसते कपॅसिटर वाढवले तर तेच तापून फुगतात.

किनाऱ्यावर आणखी एक दुखणं असतं. खाऱ्या दमट हवेत टर्मिनलवर हिरवट थर चढतो, सांधा तापतो आणि कपॅसिटर हळूहळू क्षमता गमावतो. बाहेरून तो ठीकठाक दिसतो, रिलेवरचा दिवाही लागतो. खरं काय ते तारेभोवती पकडून करंट मोजणारा टाँग टेस्टर सांगतो. १० केव्हीएआरचा, ४४० व्होल्टचा कपॅसिटर ४१५ व्होल्टवर प्रत्येक तारेत १२.४ अँपिअर घ्यायला हवा. तिन्ही तारांत ९ च्या आसपास आले तर तो पाऊण उरलाय. एका तारेत फारच कमी आले तर आतला जोड किंवा फ्यूज गेलाय. आणि व्होल्टेज ४१५ असूनही १५-१६ दिसले तर लाइनवर हार्मोनिक्स आहेत. उघडून टर्मिनल साफ करायचं असेल तर मेन बंद केल्यावर किमान पाच मिनिटं थांबावं, आणि टर्मिनलवर मीटर लावून व्होल्टेज शून्य दिसल्यावरच पाना लावावा. कपॅसिटर रिकामा करणाऱ्या डिस्चार्ज रेझिस्टरचीही टोकं त्याच खाऱ्या हवेत असतात.