शिल्लक आकडा आणि राहिलेलं मूल

दर महिन्याला तालुक्याचा लसीकरण अहवाल तयार होतो आणि दर महिन्याला कुणीतरी उद्दिष्टातून साध्य वजा करून उत्तराला 'वंचित बालके' म्हणून टाकतं. ही वजाबाकी बघून मी थकलोय.

बेरजेचा भाग तुम्हाला येतोच. उपकेंद्रांचे आकडे मिळवायचे, मग टक्केवारी काढायची. टक्क्यांची सरासरी काढायची नाही. ज्या गावाचा अहवालच आला नाही त्याचा रकाना कोरा ठेवायचा, तिथे शून्य लिहायचं नाही. झालं.

खरी गफलत पुढे आहे. अहवाल त्या महिन्यात टोचलेले डोस मोजतो, डोस राहिलेल्यांची पाठपुरावा यादी मुलं मोजते. समजा एका उपकेंद्राचं वर्षाचं उद्दिष्ट २४०, म्हणजे महिन्याला २०. जूनमध्ये पेंटा या पाच रोगांवरच्या लसीचे २० तिसरे डोस दिले. साध्य १०० टक्के, वजाबाकी शून्य, सगळे खूश.

आता आशाताईंची नावांची वही उघडा. जूनमध्ये १४ आठवडे पूर्ण झालेली, म्हणजे तिसऱ्या पेंटाची पाळी आलेली, मुलं १९. टोचलेल्या २० पैकी ६ मागच्या महिन्यांतली उशिरा आलेली, २ माहेरी आलेल्या लेकींची, म्हणजे परगावची. उरली १२. म्हणून १९ पैकी ७ मुलं राहिली, आणि अहवालात त्यांचा मागमूस नाही. या सातांतल्या दोघांच्या आया माहेरी गेलेल्या. घरी विचारल्यावर कळलं, तिकडे डोस झालाय, कार्डावर तारीख आहे. मग यादीत खरी राहिली ५. शून्य आणि सात, दोन्ही आकड्यांवरून हे पाच कळले नसते.

म्हणून यादी अहवालातून काढायचीच नाही. ती जन्मतारखेवरून निघते: कुणाचा कोणता डोस कधी ड्यू होता आणि कार्डावर तारीख पडली का. जूनच्या पानावर मेमधली राहिलेली नावंही पुढे ओढायची. काही जण दर महिन्याला कोरी यादी सुरू करतात. तिथेच जुनं मूल कायमचं गळतं.

तालुक्याला याद्या जोडताना मुलाच्या नावावर विसंबू नका. बारशाआधी ते नुसतं 'बेबी' असतं, पुढच्या महिन्यात 'आरव' होतं आणि एकाची दोन मुलं होतात. आईचं नाव, बाळाची जन्मतारीख आणि गाव या तिन्हींवर जुळवा. जुळी असतील तर या तिन्हींवरही दोघं एकच दिसतील, तेव्हा 'बेबी १, बेबी २' असं आधीच लिहून घ्या.

आणि ज्याला पहिला पेंटाच मिळाला नाही, ते मूल तिसऱ्याला चुकलेल्यांत मिसळू नका. तिसऱ्याला चुकलेल्याच्या आईला पुढच्या सत्राचा दिवस सांगितला की बहुधा काम होतं. पहिलाच न घेतलेल्याच्या घरी आधी बसून बोलावं लागतं, म्हणून त्याचा रकाना वेगळा.