पुस्तकानं धरून ठेवलं की मुरवून घेतलं? ग्रिपिंग आणि अ‍ॅब्सॉर्बिंगमधला फरक

दिवाळीच्या सुट्टीत एक पुस्तक वाचून त्यावर इंग्रजीत बुक रिपोर्ट लिहून आणा, असं मी नववीला सांगितलं होतं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. दिवाळीच्या आसपास कापसाचा वेचा सुरू असतो, त्यामुळे बऱ्याच पोरांनी पुस्तक वावरातच, दुपारच्या भाकरीनंतर बाभळीखाली बसून वाचलेलं. एका कागदाला तर सरकीचा दाणा चिकटून आला होता. पण कागदांवरचं वाक्य बहुतेक सगळीकडे एकच: ‘द बुक इज व्हेरी इंटरेस्टिंग.’ वाघाच्या गोष्टीचं पुस्तकही इंटरेस्टिंग आणि पक्ष्यांवरचं पुस्तकही इंटरेस्टिंग. एकानं तर स्वतःच्या आळसाचं समर्थन करतानाही ‘आय रेड हाफ, बट इट इज इंटरेस्टिंग’ असं लिहिलं होतं.

मी मग मास्तर लोक करतात तेच केलं. फळ्यावर तीन शब्द लिहिले: ग्रिपिंग, अ‍ॅब्सॉर्बिंग, थॉट-प्रोव्होकिंग. म्हटलं, इंटरेस्टिंग खोडा आणि यातला एक शब्द घाला. हा उपाय चुकीचा होता, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. पोरांनी जुनं पाटीवरचं नाव पुसून नवं लिहावं तसं केलं होतं. बहुतेकांनी पहिला शब्द उचलला, कारण तो स्पेलिंगला सोपा. तळ्याकाठच्या पक्ष्यांवर पुस्तक वाचलेल्या पोरानं लिहिलं होतं, ‘द बुक इज व्हेरी ग्रिपिंग.’ मी त्यावर लाल रेघ मारली, तर तो गाइड घेऊनच टेबलाशी आला. ‘सर, गाइडात त दोन्हीचा अर्थ सारखाच देला आहे. मंग काऊन चुकलं?’

त्याचं बरोबर होतं. त्या गाइडात दोन्ही शब्दांपुढे ‘मन वेधून घेणारे’ एवढंच छापलेलं होतं. आणि गाइडवाल्याचंही अगदीच खोटं नाही. दोन्ही शब्दांत पुस्तक हातातून सुटत नाही, हे सारखंच आहे. फरक आहे तो ते का सुटत नाही यात.

ग्रिप म्हणजे पकड. हा शब्द पोरांना माहीत असतो, फक्त पुस्तकाच्या संदर्भात नाही. बॅटच्या दांड्यावर चढवतो ती रबराची ग्रिप, सायकलच्या हँडलवरची ग्रिप. ग्रिपिंग पुस्तक तुम्हाला मनगटाला धरून ओढत नेतं. त्याची ताकद पुढच्या पानात असते. आता काय होणार, तो वाचणार की नाही, दार कोणी वाजवलं, या प्रश्नांची ती पकड असते. म्हणून या शब्दाच्या आजूबाजूला नेहमी धोका, घाई, वेळ संपत येणं किंवा काहीतरी लपलेलं असणं सापडतं. मराठीत आपण याला ‘खिळवून ठेवणारं’ म्हणतो, आणि खिळा ठोकल्यासारखं जागेवर बसणं हे त्याचं चित्र चांगलंच जमलेलं आहे.

अ‍ॅब्सॉर्ब म्हणजे शोषून घेणं. मृगाचा पहिला पाऊस भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पडतो तेव्हा पाणी वाहत नाही, आत जातं. अ‍ॅब्सॉर्बिंग पुस्तकात तुम्ही ते पाणी असता. पुस्तक तुम्हाला ओढत नाही, तुम्ही त्यात मुरत जाता. पुढे काय होणार याची तितकीशी घाई नसते. समोरच्या पानावर जे चाललंय त्यातच मन रमलेलं असतं. आई दोनदा हाक मारते आणि तिसऱ्या हाकेला तुम्ही भानावर येता. मराठीत याला ‘गुंगवून टाकणारं’ हा शब्द जवळचा. ‘तल्लीन करणारं’ही चालेल, पण त्याला भजनाचा वास आहे.

इथं एक पोरगी फारच हुशार निघाली. तिनं लिहिलं, ‘द बुक इज अ‍ॅब्सॉर्बंट.’ कारण मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या कापसाच्या गुंडाळीवर ‘अ‍ॅब्सॉर्बंट कॉटन’ असं छापलेलं असतं, आणि कापूस म्हटलं की आमच्याकडे कोणाचंही लक्ष जाणारच. अ‍ॅब्सॉर्बंट म्हणजे द्रव शोषणारा पदार्थ. तसं पुस्तक फक्त चहा सांडल्यावर म्हणता येईल. गंमत अशी की वावरातून वेचून आणलेला कच्चा कापूस पाणी पटकन शोषत नाही, वर तरंगतो, कारण त्याच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. तो काढून टाकल्यावरच मेडिकलचा कापूस होतो. तासातली दहा मिनिटं यात गेली, पण तो शब्द आता वर्गात कोणी विसरणार नाही.

गोष्ट खरी समजली ती क्रिकेटनं. इंग्रजी कॉमेंटरीत हे दोन्ही शब्द नेहमी येतात आणि सहसा जागा सोडत नाहीत. शेवटच्या ओव्हरमध्ये आठ धावा हव्यात, दोन विकेट उरल्यात, तो ग्रिपिंग फिनिश. पण नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर कसोटी चाललीय, चेंडू फिरतोय, फलंदाज तासभर नुसता पाय पुढे टाकून अडवतोय, धावफलक हलत नाही आणि तरी तुम्ही टीव्हीसमोरून उठत नाही, तो अ‍ॅब्सॉर्बिंग डे ऑफ क्रिकेट. म्हणूनच छंदाला किंवा कामालाही अ‍ॅब्सॉर्बिंग म्हणता येतं. बुद्धिबळ अ‍ॅब्सॉर्बिंग, शिवणकाम अ‍ॅब्सॉर्बिंग. ‘ग्रिपिंग हॉबी’ मात्र कोणी म्हणत नाही, कारण छंदात पुढे काय होणार याची धाकधूक नसते.

मग पोरांना ओळखायला एक कसोटी दिली. पुस्तकाचा शेवट कोणीतरी आधीच सांगून टाकला तर? चिडचिड झाली, पुस्तकाची निम्मी मजा गेली असं वाटलं, तर ते बहुधा ग्रिपिंग. काहीच फरक पडला नाही, तर बहुधा अ‍ॅब्सॉर्बिंग. ‘बहुधा’ म्हणतो, कारण काही गोष्टी दहाव्यांदा ऐकतानाही छाती धडधडते. पण नववीच्या बुक रिपोर्टपुरती ही कसोटी पुरते.

पक्ष्यांचं पुस्तक वाचलेल्या पोराला तिथंच उभा करून विचारलं. शेवटी काय होतं रे पुस्तकात? म्हणे, ‘काही नाही सर, उन्हाळ्यात तळं आटते न् पक्षी निंगून जातात.’ मी शेवट सांगितला असता तर वाचलं नसतं का? ‘वाचलं असतं ना.’ मग आवडलं काय? यावर तो चांगला पाच मिनिटं बोलला. टिटवी घरटं बांधतच नाही, उघड्या जमिनीवर खडेमातीत अंडी घालते आणि कोणी जवळ आलं की ओरडून त्याला दुसरीकडेच नेते. हे पुस्तकात वाचल्यावर त्यानं धुऱ्यावर जाऊन टिटवीचं असंच नाटक स्वतः पाहिलं होतं. यातलं एक अक्षर त्याच्या रिपोर्टमध्ये नव्हतं. रिपोर्टमध्ये होतं फक्त ‘व्हेरी ग्रिपिंग’.

म्हणून मी क्रम उलटा केला. आधी ‘बिकॉज’नंतरचं वाक्य लिहायचं, विशेषणाची जागा रिकामी ठेवायची. त्यानं लिहिलं, ‘बिकॉज द रायटर शोज एव्हरी स्मॉल थिंग अ बर्ड डझ.’ लेखक पक्ष्याची प्रत्येक बारीक हालचाल दाखवतो. हे वाक्य लिहून झाल्यावर रिकाम्या जागी ग्रिपिंग बसत नाही, हे त्याचं त्यालाच दिसलं. बारीकसारीक गोष्टीत रमणं म्हणजे अ‍ॅब्सॉर्बिंग. दुसरीकडे, अंधार पडायच्या आत जंगलात हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट एकीनं वाचली होती. तिचं वाक्य आलं, ‘बिकॉज द सन वॉज गोइंग डाउन अँड शी सॉ फ्रेश पगमार्क्स.’ सूर्य बुडतोय, वाघाचे ताजे ठसे दिसलेत. तिला शब्द सांगावाच लागला नाही.

तिनं पुढे विचारलं ते जास्त बरं होतं. पुस्तकाचा पहिला भाग सगळा गावातल्या मोहफुलं वेचण्यावर आहे, तिथं काही घडतच नाही, मग त्याला काय म्हणू? म्हटलं, त्या भागाला अ‍ॅब्सॉर्बिंग म्हण आणि जंगलाच्या भागाला ग्रिपिंग. एका पुस्तकावर एकच शिक्का मारायचा असा कुठं नियम नाही. फक्त कुठला शब्द कुठल्या भागासाठी ते लिही. दोन्ही शब्द ‘अँड’नं जोडून सगळ्या पुस्तकावर टाकले, तर परत इंटरेस्टिंगच झालं.

इथं एक चूक फार होते. इंटरेस्टिंग लिहितानाही होतेच: ‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन रीडिंग.’ म्हणजे वाचनाच्या बाबतीत मी स्वतः मोठा मजेशीर माणूस आहे. आयएनजीवाला शब्द पुस्तकाचा, ईडीवाला वाचणाऱ्याचा. पुस्तक ग्रिपिंग, मी ग्रिप्ड. पुस्तक अ‍ॅब्सॉर्बिंग, मी अ‍ॅब्सॉर्ब्ड. आणि त्यांच्यामागे येणारे छोटे शब्दही फरक सांगतात. आपण ग्रिप्ड ‘बाय’ द स्टोरी होतो, म्हणजे गोष्टीनं आपल्याला पकडलं. पण सहसा अ‍ॅब्सॉर्ब्ड ‘इन’ द बुक असतो, म्हणजे आपण पुस्तकाच्या आत आहोत. व्याकरणानं इथं अर्थच चितारून ठेवलाय.

थॉट-प्रोव्होकिंगबद्दल फार सांगावं लागत नाही, कारण तो या दोघांत मिसळत नाही. प्रोव्होक म्हणजे डिवचणं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बाहेर बोलावणं असा आहे. आमच्याकडे बैलाला टोचायला तुतारी असते, टोकाला आर लावलेली काठी. थॉट-प्रोव्होकिंग पुस्तक डोक्याला तशी आर लावतं. पहिल्या दोन शब्दांचा परिणाम वाचताना होतो, याचा पुस्तक मिटल्यावर. त्यामुळे हा शब्द लिहिणाऱ्यानं पुढे तो प्रश्नही लिहायलाच हवा, जो त्याला पडला. ‘थॉट-प्रोव्होकिंग’ लिहून खाली एकही थॉट नसेल तर मी अर्धा मार्क कापतो. पोरं याला अन्याय म्हणतात.

आणि इंटरेस्टिंग शब्दाचा मी पूर्ण बहिष्कारही केलेला नाही. सुरुवातीला केला होता, तो मागे घेतला. एखादी लहानशी माहिती, जिनं धरूनही ठेवलं नाही आणि गुंगवलंही नाही, फक्त ‘अस्सं का!’ म्हणायला लावलं, तिला दुसरा शब्द शोधणं म्हणजे साध्या वरणाला फोडणीवर फोडणी देणं. कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो हे पोरीनं घरी बादलीत टाकून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं, ‘अ‍ॅन इंटरेस्टिंग फॅक्ट.’ त्यावर मी रेघ मारली नाही.