पाणी कधी आलं होतं?

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की कोल्हापुरात प्रत्येक जण पुराबद्दल पोस्ट लिहायला बसतो. अशा मजकुराचा शेवट साधारण असा असतो:

"तुमच्याकडे काय परिस्थिती? प्रशासन झोपलंय का? अलमट्टीमुळेच पूर येतो ना? नदीकाठची बांधकामं कधी पाडणार? तुम्हाला काय वाटतं?"

पाच प्रश्न आले की वाचणारा त्यातल्या सगळ्यात सोप्या प्रश्नाला उत्तर देतो, आणि सोपा असतो तो 'ना' लावलेला. त्याला "अगदी बरोबर" म्हटलं की काम झालं. शिवाय 'ना' उत्तरही सुचवतो. १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरींच्या फिती दाखवून वेग विचारला. प्रश्नात गाड्या 'जोरात आदळल्या' असं क्रियापद होतं, तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४० मैलांच्या थोडं वर आलं. तेच सौम्य क्रियापदाला ३१.८ आलं. फिती त्याच, बदलला तो फक्त एक शब्द.

"तुम्हाला काय वाटतं?" यातली अडचण वेगळी आहे. आठवण बाहेर यायला तिच्याशी जोडलेली खूण लागते. घटना घडताना जे सोबत होतं, म्हणजे अंधार, पावसाचा आवाज, जेवणाची वेळ, ते प्रश्नात आलं तर तिच्याबरोबर पाणीही आठवतं. 'काय वाटतं' या शब्दांना अशी कुठलीच खूण चिकटलेली नाही. मग माणूस अनुभव सोडून मत देतो, आणि मतं तर सगळ्यांची आधीच माहीत असतात.

म्हणून आधी ठरवा, आपल्याला खरोखर माहीत नाही असं काय आहे? समजा, आपल्या गल्लीत नदी किती फुटांवर असताना पाणी शिरतं, हे हवंय. पण फूट विचारू नका, ते कुणाच्याच लक्षात नसतात. तारीखही पुसट होते, आणि २०१९ चा ऑगस्ट २०२१ च्या जुलैत मिसळतो. त्यामानाने कशाच्या आधी, कशाच्या नंतर, हे बरं टिकतं. पाचही प्रश्न खोडून हा एकच ठेवा:

"२०१९ च्या पुरात गल्लीच्या तोंडाशी पाणी पहिल्यांदा दिसलं, ते लाईट जाण्याच्या किती आधी किंवा नंतर?"

याला 'हो' म्हणून सुटता येत नाही. "लाईट गेली त्याच रात्री, जेवणं झाल्यावर," अशी उत्तरं येतात. लाईट कधी गेली ते वीज कंपनीच्या नोंदीतून किंवा घरातल्या फोटोंवरच्या वेळेवरून काढायचं आणि त्या तासाची बंधाऱ्याची नोंद शेजारी ठेवायची. चार-पाच घरांची उत्तरं एक-दोन तासांत जुळली तर आकडा धरायला हरकत नाही. एखादं पूर्ण दिवसाने वेगळं पडलं, तर तो माणूस बहुधा २०२१ चं सांगतोय, त्याला परत विचारा.

"धरण फुटलं, दहा जणांना कळवा" हे दरवर्षी फिरतं आणि दरवर्षी खोटं ठरतं. त्याऐवजी धोका पातळी ४३ फूट आणि आपल्या गल्लीचा हा आकडा, दोन्ही जिन्याखालच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, म्हणजे गाडी कधी हलवायची ते कळेल.