आधी वर्णन, मग लिंका

“यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमध्ये ५,००० अक्षरं बसतात. मग इन्स्टाच्या लिंका वर आणि कीवर्ड खाली असले म्हणून काय बिघडलं?”

जागा पुरते, पण ‘अधिक’ दाबण्याआधी दिसतात त्या पहिल्या दोन-तीन ओळीच. तिथं ‘फॉलो करा’ असेल, तर तांबड्या रश्श्याचा व्हिडिओ आणि सोलकढीचा व्हिडिओ वरवर सारखेच दिसतात. मुख्य शब्द सुरुवातीला लिहा, असं यूट्यूबही सांगतं.

गोम बहुधा अपलोड डीफॉल्ट्समध्ये असते: ठरीव मजकूर आधीच भरलेला येतो आणि नवं त्याच्याखाली लिहिलं जातं. म्हणून तिथं वर दोन ओळी मोकळ्या सोडा. प्रत्येक व्हिडिओ अपलोड करताना त्या ओळींत त्याचं वर्णन लिहा, उदाहरणार्थ: ‘कोल्हापुरी तांबडा रस्सा: मटणाच्या अळणी पाण्यापासून कटापर्यंत’. त्याखाली साहित्य, मग श्रेयनामावली, शेवटी लिंका. कायमच्या लिंका चॅनेलच्या प्रोफाइलवर हलवल्या तर उत्तमच. जुने व्हिडिओ मात्र स्वतंत्रपणे बदलावे लागतात. डीफॉल्ट त्यांना लागू होत नाही.