निळाच राहिलेला ब्रीदर: ट्रान्सफॉर्मरच्या श्वासोच्छ्वासाची पार्श्वभूमी

ट्रान्सफॉर्मरची तपासणी करताना ब्रीदरमधले, म्हणजे आत येणारी हवा सुकवणाऱ्या डब्यातले, सिलिका जेल गुलाबी दिसले की लगेच नोंद होते. निळे दिसले की माणूस पुढच्या ट्रान्सफॉर्मरकडे वळतो. पण वर्षभर जराही रंग न बदललेले जेल मला जास्त अस्वस्थ करते. का, ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

1891 मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफर्टला सुमारे 175 किलोमीटर अंतरावर तीन फेजची वीज नेली गेली. त्या प्रयोगात तेलात बुडवलेले ट्रान्सफॉर्मर वापरले होते. तेल इन्सुलेशनही करत होते आणि वाइंडिंगची उष्णताही बाहेर नेत होते, त्यामुळे पुढे मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी तेलाचीच वाट धरली गेली. मात्र तेलासोबत एक अडचण आली. तापले की ते फुगते, दर अंश सेल्सिअसला ढोबळमानाने दहा हजारात सात भाग. 10,000 लिटर तेलाचे सरासरी तापमान 20 अंशांनी चढले, तर 140 लिटर तेलाला नवी जागा लागते.

सुरुवातीला ही जागा टाकीतच, झाकणाखाली मोकळी ठेवत. तिथे गरम तेलाचा मोठा पृष्ठभाग हवेला लागायचा. तेल ऑक्सिडाइझ होऊन गाळ धरायचे, आणि थंड झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले पाणी थेट वाइंडिंगवर ठिबकायचे. यावरचा उपाय म्हणजे कॉन्झर्व्हेटर: टाकीच्या वर बसवलेले आडवे पिंप. आता टाकी पूर्ण भरलेली राहते, हवेशी गाठ पडते ती फक्त पिंपातल्या थोड्या आणि तुलनेने थंड तेलाची. टाकीकडे जाणाऱ्या पाइपचे तोंड पिंपाच्या तळापासून थोडे वर ठेवलेले असते, म्हणजे तळाशी साचलेले पाणी व गाळ खाली उतरत नाही. तळाचा ड्रेन कॉक अधूनमधून उघडायचा तो यासाठीच. अनेक ठिकाणी तो वर्षानुवर्षे कोणी हातही न लावल्याने घट्ट बसलेला सापडतो.

तेल फुगल्यावर पिंपातली हवा बाहेर जाते, आकसल्यावर आत येते, आणि येताना बाष्प आणते. ते तेलातून शेवटी कागदाच्या इन्सुलेशनमध्ये मुरते. कागदातला ओलावा दुप्पट झाला की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, आणि तेल गाळता येते तसा कागद बदलता येत नाही. म्हणून हवा वाटेतच सुकवायची. पूर्वी त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड वापरत, पण ते ओलावा शोषून स्वतःच पाघळते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या वॉल्टर पॅट्रिक यांना सिलिका जेल बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट 1919 मध्ये मिळाले. या जेलचे दाणे ओले होऊनही कोरडेच दिसतात, आणि तापवले की पुन्हा कामाला येतात. ओलावा दिसावा म्हणून त्यात कोबाल्ट क्लोराइड मिसळत: कोरडे असताना निळे, ओले झाल्यावर गुलाबी. कोबाल्ट क्लोराइडच्या कर्करोगाच्या धोक्यामुळे 2008 मध्ये युरोपीय महासंघाने ते अति चिंताजनक पदार्थांच्या यादीत घातले. त्यानंतर नारिंगी जेलचा वापर वाढला. त्याचा रंग कसा बदलतो हे आतल्या रंगद्रव्यावर ठरते, म्हणून पाकिटावरची सूचना वाचावी. निळ्या जेलला हात लावताना हातमोजे आणि मास्क हवाच.

जेल किती दिवस टिकावे, हे साध्या हिशेबाने काढता येते. आपल्या 10,000 लिटरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये रोज सरासरी 20 अंशांचा चढउतार धरू. म्हणजे रोज 140 लिटर हवा आत येते. 30 अंश तापमानाच्या आणि 80 टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत साधारण 24 ग्रॅम पाणी असते, तेव्हा रोजचे पाणी झाले सुमारे साडेतीन ग्रॅम. ब्रीदरमध्ये 5 किलो जेल असेल आणि रंग बदलेपर्यंत ते वजनाच्या पाचव्या भागाइतके पाणी घेत असेल, तर क्षमता एक किलोची. म्हणजे नऊ-दहा महिने.

याच्याशी प्रत्यक्ष ताडून पाहावे. महिना-दीड महिन्यात सगळे गुलाबी झाले, तर खालच्या ऑइल कपमध्ये तेल नसेल. हे तेल हवेला सतत जेलपर्यंत पोचू देत नाही. ट्रान्सफॉर्मर श्वास घेईल तेव्हाच हवा बुडबुड्यांनी आत जाते. कप खुणेपर्यंतच भरावा. जास्त भरला तर तेल वर ओढले जाऊन खालचे दाणे तेलकट, काळपट होतात आणि मग निकामी ठरतात. रंगाची दिशाही बोलकी असते. हवा खालून येते, म्हणून जेल खालून वर गुलाबी व्हायला हवे. वरचा थर आधी गुलाबी झाला, तर ब्रीदरच्या वरच्या फ्लँजची गॅस्केट किंवा पाइपचा जोड हवा घेतो आहे.

आणि वर्षभर रंगच बदलला नाही तर? एकतर हवा जेलला टाळून दुसऱ्या वाटेने जाते आहे, किंवा ती जातच नाही. दुसरी शक्यता नव्या ब्रीदरबाबत खरी ठरते, कारण वाहतुकीत जेल सुरक्षित राहावे म्हणून लावलेले सील बसवताना काढायचे राहून जाते.

तसे झाले असे समजा. पिंपात 600 लिटर हवा आहे. सकाळी गार असताना ब्रीदर बसवला, लोड चढला आणि तेलाचे सरासरी तापमान 30 अंशांनी वाढले. 210 लिटर तेल वर आले, 600 लिटर हवा 390 लिटरमध्ये दाबली गेली. वातावरणापेक्षा सुमारे 0.54 बार दाब जास्त झाला. त्यात टाकीच्या झाकणावरच्या दोन मीटर तेलाचे 0.17 बार मिळवा. बेरीज 0.71. टाकीतला जादा दाब बाहेर सोडणाऱ्या प्रेशर रिलीफ डिव्हाइसचे सेटिंग अनेकदा 0.7 बारच्या आसपास असते. प्रत्यक्षात टाकी थोडी फुगते, त्यामुळे दाब जरा कमी भरेल, पण आकडा काठावर आला आहे.

हे डिव्हाइस खरे तर आतल्या आर्कसाठी, म्हणजे बिघाडात तेलात उडणाऱ्या विजेच्या ठिणगीसाठी आहे. पूर्वी तिथे वाकवलेला एक्स्प्लोजन व्हेंट असायचा, तोंडाशी काचेचा किंवा बेकेलाइटचा डायफ्राम. तो फुटला की टाकी उघडीच राहायची आणि ओली हवा आत शिरायची. आताच्या डिव्हाइसमधली स्प्रिंगची चकती काही मिलिसेकंदांत उघडते आणि दाब उतरला की बसते, हा मोठा फायदा. तरीही मोठ्या आर्कचा झटका चकतीपर्यंत पोचायच्या आत जवळचे पत्रे फाडू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

ट्रिप झाल्यावर आधी डिव्हाइसच्या झाकणावरची पिन पाहावी. वर आली असेल तर डिव्हाइस खरोखर उघडले आहे. पिन खाली आणि रिलेवर मात्र ट्रिप, असे असेल तर ट्रिपचा संकेत देणाऱ्या मायक्रोस्विचच्या डब्यात पाणी शिरल्याची शंका घ्यावी. पिन वर असताना टाकी आणि पिंप यांमधल्या पाइपवर बसवलेल्या, गॅस आणि तेलाचा झोत ओळखणाऱ्या बुखोल्झ रिलेत गॅस नाही, तेलात विरघळलेल्या गॅसची चाचणी स्वच्छ आणि जेल नव्यासारखे निळे असेल, तर ब्रीदरचे सील तपासावे. सील मात्र ट्रान्सफॉर्मर बंद असतानाच काढावे. कोंडलेला दाब एकदम सुटला की तेल जोराने वर धावते, आणि चालू ट्रान्सफॉर्मरचा बुखोल्झ रिले त्यानेच ट्रिप देतो. पिन हाताने खाली बसवावी लागते, ती आपोआप खाली येत नाही.

जेल दोन-तृतीयांश गुलाबी झाले की बदलावे. काढलेले निळ्या प्रकारचे जेल पातळ थरात 110 ते 120 अंशांवर, रंग परतेपर्यंत भाजावे आणि गार होताच हवाबंद डब्यात भरावे. नवे भरल्यावर ट्रान्सफॉर्मर तापत किंवा निवत असताना ऑइल कपकडे थोडा वेळ पाहत थांबावे. बुडबुडे दिसले की वाट मोकळी आहे.